६० तासांचं काम ११८ तासांवर कसं गेलं? फिक्स प्राइस प्रोजेक्टचा वेळ आणि बफर असा काढा

नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केल्यावर माझं पहिलं मोठं काम होतं एका आंबा बागायतदार काकांची वेबसाइट. लोकांनी हापूसची पेटी निवडायची, तारीख सांगायची, ऑनलाइन पैसे भरायचे, बस. मी फोनवर ऐकता ऐकताच मनात हिशोब केला की आठ-दहा दिवसांचं काम आहे. म्हणजे ६० तास. ताशी ५०० रुपये धरले आणि सांगून टाकलं, "काका, ३० हजारात करून देतो." काका लगेच हो म्हणाले. इतक्या पटकन हो म्हणाले तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

काम संपलं तेव्हा माझ्या टायमरमध्ये ११८ तास दिसत होते. ३० हजार भागिले ११८, म्हणजे ताशी साधारण २५४ रुपये.

यात तोटा कुठे, पैसे तर मिळालेच ना, असं कुणी म्हणेल. तेव्हा माझा महिन्याचा खर्च ३२ हजार होता. भाडं, जेवण, इंटरनेट, लॅपटॉपचा हप्ता, विमा सगळं धरून. महिन्याभरात ज्याचे खरोखर पैसे मिळतात असे तास सरासरी ८० भरत होते. बाकीचा वेळ नवी कामं शोधणं, कोटेशन बनवणं, जुन्या क्लायंटचे फोन यात जातो. ३२ हजार भागिले ८० केलं की ताशी ४०० रुपये येतात. हा माझा तळाचा रेट. याच्या खाली गेलो की काम करूनही खिशातूनच जाणार. ११८ तासांना ४०० ने गुणलं तर ४७,२०० रुपये होतात. मिळाले ३० हजार. म्हणजे १७,२०० रुपयांचा तोटा. तुमचा तळाचा रेट तुम्ही अजून काढला नसेल, तर पुढचं वाचण्याआधी तेवढं काढा. त्याशिवाय तोटा झाला की नाही हेच कळत नाही.

जास्तीचे ५८ तास गेले कुठे?

सुदैवाने मी टायमर लावत होतो, त्यामुळे नंतर बसून वाटणी करता आली. फोन आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं १४ तास. पेमेंटचं काम अंदाजापेक्षा ११ तास जास्त. ओटीपीचे एसएमएस ९ तास. फोटो आणि मजकूर गोळा करून नीट करणं ८ तास. आणि "अजून एक छोटंसं" या नावाखाली आलेले बदल १६ तास.

पेमेंटचंच बघा. मी दोन-तीन तास धरले होते, कारण टेस्ट मोडमध्ये ते तेवढ्यातच चालतं. खरी गंमत लाइव्ह झाल्यावर कळते. गिऱ्हाईक यूपीआयने पैसे भरतं, पैसे कापले जातात, आणि आपल्या साइटवर परत येण्याआधीच ते ब्राउझर बंद करतं किंवा नेटवर्क जातं. आता पैसे आलेत, पण साइटच्या लेखी ऑर्डरच नाही. हे टाळायचं तर पेमेंट गेटवेकडून थेट आपल्या सर्व्हरला येणारा निरोप, म्हणजे वेबहूक, वाचावा लागतो. तो निरोप कधी कधी दोनदा येतो. ते तपासलं नाही तर एका पेटीच्या दोन ऑर्डर लागतात. मला हे सगळं एका गिऱ्हाइकाचा चिडून फोन आल्यावर शिकावं लागलं.

ओटीपीची वेगळीच कथा. भारतात कंपनीच्या नावाने एसएमएस पाठवायचा तर आधी टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर व्यवसायाची नोंदणी करावी लागते. मग मेसेजवर दिसणारं हेडर मंजूर करून घ्यायचं, मग मजकुराचा साचाही. पाठवलेला मेसेज मंजूर साच्याशी जुळला नाही तर तो पोचतच नाही. कोड अर्ध्या तासाचा, पण कागदपत्रं काकांची, आणि काका दिवसभर बागेत. मी रोज आठवण करत होतो.

या यादीत दोन वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, आणि हे मला बरंच उशिरा लक्षात आलं. पहिल्या ४२ तासांत माझी चूक होती: काम तेच होतं, फक्त ते किती मोठं आहे हे मला माहीत नव्हतं. शेवटचे १६ तास वेगळे आहेत. ते काम ठरलेलंच नव्हतं. पहिल्यासाठी बफर लागतो. दुसऱ्यासाठी बफर नाही, लेखी यादी लागते. बरेच जण बफर धरतात आणि तो सगळा बदलांमध्येच संपवून टाकतात, मग खरी अडचण आली की हातात काही उरत नाही.

एका आकड्याऐवजी तीन आकडे

पुढच्या वर्षी कोल्हापूरकडच्या एका ताईंचं काम आलं. त्या घरगुती कांदा-लसूण मसाला आणि चटण्या विकतात. त्यांनाही ऑर्डर घेणारी वेबसाइट हवी होती, उन्हाळ्यातल्या मसाल्याच्या सीझनआधी. या वेळी मी फोनवर आकडा सांगितला नाही. "ताई, दोन दिवसांत लिहून पाठवतो" म्हणालो आणि गूगल शीट उघडलं.

कामाचे सात तुकडे केले. प्रत्येकापुढे तीन आकडे लिहिले: सगळं सरळ झालं तर किती तास, नेहमीसारखं झालं तर किती, आणि सगळं बिघडलं तर किती. मधला आकडा मनाने लिहिला नाही, जिथे शक्य तिथे आंब्याच्या कामाच्या टायमरवरून घेतला. स्वतःच्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस कायम कमीच धरतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. यावर त्यांचाच उपाय आहे की आताच्या कामाच्या कल्पनेत रमू नका, आधीच्या तशाच कामांना खरंच किती वेळ लागला ते बघा.

| काम | सरळ | नेहमीचं | बिघडलं तर | धरायचे तास |
|---|---|---|---|---|
| पानं आणि डिझाइन | १२ | १६ | २४ | १६.७ |
| कार्ट, वजन, कुरिअर खर्च | १० | १६ | ३० | १७.३ |
| पेमेंट | ६ | १० | २४ | ११.७ |
| ओटीपी लॉगिन | ४ | ६ | १८ | ७.७ |
| ऑर्डर बघण्याचं ॲडमिन पान | १० | १४ | २४ | १५ |
| टेस्टिंग, डोमेन, लाइव्ह करणं | ६ | १० | १८ | १०.७ |
| फोन, मीटिंग, फोटो गोळा करणं | ८ | १२ | २२ | १३ |
| एकूण | ५६ | ८४ | १६० | ९२ |

शेवटचा रकाना 'पर्ट' नावाच्या पद्धतीतून येतो. अमेरिकन नौदलाने १९५८ च्या सुमारास पोलारिस क्षेपणास्त्राच्या प्रकल्पासाठी ती काढली होती. मसाल्याच्या वेबसाइटला क्षेपणास्त्राचं गणित, पण चालतं. नेहमीच्या आकड्याला चौपट वजन द्यायचं, बाकी दोघांना एकेक, आणि सहाने भागायचं. तुमच्या शीटमध्ये सरळ, नेहमीचं आणि बिघडलेलं हे आकडे B, C, D रकान्यांत असतील तर सूत्र असं:

```
=(B2+4*C2+D2)/6
```

पेमेंटची ओळ हाताने करून बघा. ६ अधिक ४० अधिक २४ म्हणजे ७०, भागिले ६, म्हणजे ११.७ तास. नेहमीच्या १० पेक्षा हे जास्त का? कारण काम बिघडलं तर ते १४ तासांनी वाढतं, पण सरळ झालं तर फक्त ४ तास वाचतात. सॉफ्टवेअरमध्ये जवळजवळ प्रत्येक ओळ अशीच एका बाजूला कललेली असते. एखाद्या ओळीत तुमचे सरळ आणि बिघडलेले आकडे फार जवळ आले, तर बहुतेक वेळा ते काम तुम्हाला नीट माहीत नाही असाच त्याचा अर्थ असतो. आंब्याच्या वेळी मी पेमेंटला "२ ते ३ तास" लिहिले असते, अगदी आत्मविश्वासाने.

बफर किती, आणि कुठे ठेवायचा?

९२ तास हा बफर नाही. एवढं धरलं तर काम त्याच्या वर जाण्याची शक्यता अजूनही साधारण निम्मी असते. फिक्स प्राइसमध्ये वर गेलेला प्रत्येक तास तुमच्या खिशातून जातो, त्यामुळे निम्म्या शक्यतेवर सही करता येत नाही.

पण मग सरळ १६० धरायचे का? तेही बरोबर नाही. सातही कामं एकाच वेळी बिघडणं फार क्वचित होतं. एक बिघडतं तेव्हा दुसरं नीट जातं आणि थोडी भरपाई होते. पुस्तकातलं गणित हेच गृहीत धरतं, की प्रत्येक काम आपापल्या नशिबाने चालतं, आणि त्यामुळे बराच छोटा बफर सुचवतं. या यादीला साधारण १३ तास. फ्रीलान्सिंगमध्ये मला ते पटत नाही. सगळ्या कामांना एक गोष्ट सामायिक असते, ती म्हणजे क्लायंट. त्याला उत्तर द्यायला चार दिवस लागत असतील, तर पानं, पेमेंट, टेस्टिंग सगळंच एकदम लांबतं.

म्हणून मी एक साधा मध्यम मार्ग धरतो. धरलेले तास आणि सगळ्यात वाईट तास यातला फरक काढतो. क्लायंट नवा असेल तर त्याचा अर्धा बफर. ओळखीचा, वेळेवर उत्तर देणारा असेल तर पाव. हा काही शास्त्रीय नियम नाही, माझ्या चार-पाच कामांवरून बसलेला ठोकताळा आहे. ताई नव्या होत्या. १६० वजा ९२ म्हणजे ६८, त्याचे अर्धे ३४. एकूण १२६ तास, ताशी ५०० ने ६३ हजार रुपये.

हे ३४ तास मी एकाच ठिकाणी, यादीच्या तळाशी ठेवले. प्रत्येक कामात चार-पाच तास लपवले नाहीत. कामाला सात तास दिले की ते सातच घेतं, हा अनुभव सगळ्यांना असतो. बफर वेगळा दिसत असेल तरच तो किती संपला हे कळतं. क्लायंटला मात्र ही ओळ दाखवायची गरज नाही. त्याला एकच रक्कम द्यायची. उशीर झाला तर त्याचा भार माझ्यावर आहे, त्याच्यावर नाही. त्या जोखमीचीच ही किंमत आहे.

"६३ हजार फार होतात हो"

ताईंचं पहिलं वाक्य हेच होतं. "माझ्या भाच्याचा मित्र ४० मध्ये देतो म्हणतोय."

इथे आपण काय करतो? बफर कापतो. कारण तो फुकटचा वाटतो, काम तर तेवढंच आहे ना. मी आंब्याच्या वेळी हेच केलं असतं. पण बफर कापला म्हणून काम कमी होत नाही, फक्त तोट्याची शक्यता वाढते. किंमत कमी करायची असेल तर काम कमी करावं लागतं.

मी विचारलं, "ताई, गिऱ्हाइकाला लॉगिन कशाला हवं?" वर्षातून दोनदा मसाला घेणाऱ्या माणसाला अकाउंट, ओटीपी काहीच लागत नाही. नाव, पत्ता, मोबाइल नंबर लिहिला की ऑर्डर. ओटीपी गेला, त्याच्याबरोबर डीएलटीची नोंदणीही गेली. मग ॲडमिन पान. त्यांना रोज १०-१५ ऑर्डर येणार होत्या, त्यासाठी खास पान बनवण्यापेक्षा प्रत्येक ऑर्डर आपोआप गूगल शीटमध्ये पडली तर पुरे. शीट त्या मोबाइलवर वापरतच होत्या. ते काम १५ ऐवजी साडेचार तासांचं झालं.

नवी बेरीज: धरलेले तास ७४, सगळ्यात वाईट १२६, फरक ५२, त्याचा अर्धा बफर २६. एकूण १०० तास, ५० हजार रुपये. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं, पण मे उजाडायच्या आत हवं." भाच्याच्या मित्राचं काय झालं मला माहीत नाही.

कोटेशनमध्ये मी काय करणार याच्या आठ ओळी लिहिल्या, आणि त्याखाली काय करणार नाही याच्या पाच ओळी. लॉगिन नाही, कूपन नाही, मोबाइल ॲप नाही, फोटो काढणं नाही, मराठी आणि इंग्रजी सोडून तिसरी भाषा नाही. शेवटी एक ओळ: यादीबाहेरच्या कामाला ताशी ५०० रुपये, आधी आकडा सांगून आणि हो म्हटल्यावरच. पैसे तीन टप्प्यांत, ४० टक्के आधी. दुसरी यादी जास्त महत्त्वाची, कारण भांडणं नेहमी "मला वाटलं ते असणारच" यावरून होतात.

तास वेगळे, तारीख वेगळी

१०० तास म्हणजे १०० भागिले ८, साडेबारा दिवस, असं करू नका. दिवसाला डोकं चालतं असे माझे पाचच तास भरतात. म्हणजे २० दिवस, आठवड्याला पाच धरून चार आठवडे. नोकरी सांभाळून रात्री दोन तास काम करत असाल तर हेच काम दहा आठवड्यांचं होतं, आणि कोटेशन देण्याआधी क्लायंटला ते सांगायला हवं.

शिवाय काही वेळ असा असतो ज्यात तुम्ही एक मिनिटही काम करत नाही, तरी दिवस जातात. पेमेंट गेटवेला क्लायंटचं पॅन कार्ड, बँकेची माहिती, व्यवसायाचा पुरावा लागतो आणि ते तपासून झाल्यावरच खरे पैसे घेता येतात. ॲप असेल तर आणखी. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले स्टोअर डेव्हलपर अकाउंटला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ टेस्टर्सकडून सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टिंग करून घ्यावं लागतं. हे दोन आठवडे तासांच्या यादीत दिसतच नाहीत. म्हणून ताईंना मी कागदपत्रं पहिल्याच दिवशी मागितली, आणि चारऐवजी सहा आठवड्यांची तारीख दिली.

मध्येच कसं कळतं?

दोन आठवड्यांनी मी हिशोब केला. त्यात फक्त पूर्ण झालेली कामं मोजली. "९० टक्के झालंय" वालं काम शून्य धरलं, कारण उरलेले १० टक्केच बहुतेक वेळ खातात. पानं झाली होती, कार्ट झालं होतं, आणि फोन-मीटिंगचा अर्धा भाग. अंदाजाप्रमाणे हे ४१ तासांचं काम. टायमर ५० दाखवत होता. कार्टने १७ ऐवजी २६ तास खाल्ले होते, कारण कुरिअरचा दर वजन आणि पिनकोड दोन्हीवर बदलत होता आणि अर्ध्या किलोच्या दोन पिशव्या एकत्र गेल्या तर वेगळाच.

म्हणजे २६ पैकी ९ तासांचा बफर गेला होता, साधारण एक तृतीयांश. काम मात्र निम्म्याहून जास्त झालं होतं. ठीक होतं. हेच उलटं असतं, काम एक तृतीयांश आणि बफर निम्मा संपलेला, तर मी त्याच दिवशी ताईंना फोन करून काय वगळायचं ते ठरवलं असतं. शेवटच्या आठवड्यात हा फोन करून उपयोग नसतो. तेव्हा वगळण्यासारखं काही उरलेलं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात कूपनची मागणी आलीच. "छोटंसंच आहे ना?" मी शीट बघून सांगितलं, पाच तास, अडीच हजार. ताई म्हणाल्या, "मग दिवाळीला बघू."

वेबसाइट पाचव्या आठवड्यात सुरू झाली. टायमरवर ९३ तास, म्हणजे ताशी साधारण ५३८ रुपये. पेमेंटला १३ तास लागले, टेस्टिंगला १४, आणि हे दोन्ही आकडे आता माझ्या शीटच्या 'नेहमीचं' रकान्यात गेलेत. आंबेवाले काकाही या वर्षी परत आले, त्यांना परदेशात पेट्या पाठवायच्या आहेत. कोटेशन अजून दिलेलं नाही. एक्स्पोर्टच्या कागदपत्रांच्या ओळीत 'बिघडलं तर' खाली काय लिहायचं, यावर अडलंय.